भिंतीला तडा, करारात लॉक-इन

कोथरूडच्या एकेका गल्लीत हल्ली दोन-दोन इमारतींचा पुनर्विकास एकाच वेळी चालू असतो. जुनी तीन-चार मजली सोसायटी पाडायची, तिच्या जागी उंच इमारत उभी करायची आणि गाड्यांसाठी खाली तळघर खणायचं. त्या खड्ड्याला खेटून असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक जोडपं भाड्याने राहतं असं समजा. १ एप्रिलपासून अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, महिना २६ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि पहिले सहा महिने लॉक-इन. म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घर सोडलं तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जाणार. जूनच्या पहिल्या आठवड्यात बेडरूमच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा निघाला आणि जमिनीच्या दिशेने उतरत गेला. त्याच आठवड्यात बेडरूमचं दार चौकटीत अडकायला लागलं.

जूनअखेर घर सोडलं तर तीन महिन्यांचे ७८ हजार गेले, हातात २२ हजार. राहिलं तर रात्री झोप नाही. अशा वेळी बहुतेक भाडेकरू दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर मालकाला व्हॉट्सअॅपवर 'घर धोकादायक आहे, आम्ही सोडतोय, डिपॉझिट परत करा' असा निरोप टाकतात, नाही तर भाडं देणं बंद करून 'डिपॉझिटमधून वळतं करून घ्या' म्हणतात. दोन्हींत नुकसान त्यांचंच होतं. घर धोकादायक आहे हे ठरवणं इंजिनिअरचं काम. भाडेकरूने ते आधीच ठरवून टाकलं की मालक निवांतपणे म्हणतो, 'कुणी सांगितलं?' आणि भाडं थकवलं की तड्याचा विषय बाजूला पडून बोलणं थकबाकीवर येतं.

त्याऐवजी करायची गोष्ट म्हणजे एक नीट पत्र. पण त्याआधी तड्याकडे जरा जवळून बघायला हवं, कारण पत्राची सगळी मदार त्याच्यावर आहे.

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत भार पेलतो तो काँक्रीटचा सांगाडा: कॉलम, बीम आणि स्लॅब. विटांच्या भिंती या सांगाड्यात नुसत्या भरलेल्या असतात. वीट आणि काँक्रीट ऊन-थंडीने सारखे फुगत-आकसत नाहीत, म्हणून बीमच्या खाली किंवा कॉलमच्या कडेने सरळ रेषेत केसाएवढी भेग दिसणं फार नेहमीचं आहे. गिलाव्यावर जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटतात, त्याही बहुधा प्लास्टर घाईने सुकल्याच्या. अशा भेगांवरून घर सोडायला निघालेल्या माणसाचं म्हणणं कुणी मनावर घेणार नाही, आणि घेऊही नये.

तिरका तडा मात्र काही वेगळं सांगत असू शकतो. शेजारी खोल खड्डा खणला की त्या बाजूच्या मातीचा आधार जातो. माती खड्ड्याच्या दिशेला किंचित सरकते, खाली बसते. खड्ड्यात साठलेलं पाणी सतत उपसत राहिलं तर आणखी बसते. खड्ड्याकडचे कॉलम थोडे खचतात, लांबचे जागेवर राहतात आणि मधल्या भिंतीला ही ओढाताण सोसवत नाही, ती तिरकी फाटते. खिडकीचा कोपरा हा भिंतीतला कमजोर बिंदू, म्हणून सुरुवात बहुतेक वेळा तिथून होते. अर्थात खिडकीच्या कोपऱ्यातला प्रत्येक तडा खचण्यामुळेच येतो असं नाही. तो रुंद होतोय का, लांबतोय का, आणि सोबत दार अडकणं, फरशीचा सांधा उघडणं, वरच्या-खालच्या मजल्यावर त्याच ठिकाणी तडा दिसणं यांपैकी काही आहे का, हे बघावं लागतं. एका घरातला तडा भिंतीचा असू शकतो. तीन मजल्यांवर एकाच जागी आला तर तो इमारतीचा झाला.

तडा मोजायला महागडं साधन लागत नाही. एटीएम कार्डची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. कार्डाची कड तड्यात शिरत नसेल तर भेग बारीक आहे. सहज शिरत असेल तर तड्यांबद्दल लिहिताना हे नोंदवण्यासारखं आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या इमारतींमधल्या तड्यांवरच्या हस्तपुस्तिकेत एक मिलिमीटरपर्यंत बारीक, एक ते दोन मध्यम आणि दोनच्या वर रुंद अशी ढोबळ विभागणी आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घालायची आणि पट्टी शेजारी धरून फोटो काढायचा. चार-पाच दिवसांनी तडा रेघेच्या पुढे गेला असेल तर तो अजून 'चालू' आहे. इंजिनिअर हेच काम काचेच्या पातळ पट्टीने करतात. तड्यावर आडवी काच दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवतात. भिंत हलली तर काच तडकते, आणि तिला कुणाची बाजू घ्यायची नसते.

एका बाबतीत मात्र पत्र-बित्र लिहीत बसायचं नाही. तडा भिंतीत नसून कॉलममध्ये किंवा बीममध्ये असेल, काँक्रीटचे तुकडे पडत असतील, तडा काही तासांत डोळ्यांदेखत वाढत असेल, कडकड आवाज येत असेल, तर आधी माणसं बाहेर काढायची, शेजाऱ्यांना सांगायचं, १०१ वर फोन करायचा. पैशांचं नंतर बघता येतं. 'इमारत नवी आहे' हा दिलासाही पुरेसा नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही इमारत कोसळून सोळा जण गेले, ती फार तर दहाएक वर्षांची होती. आणि घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी कोसळलेल्या सिद्धीसाई इमारतीत सतरा जणांचा जीव गेला, तिथे बोट दाखवलं गेलं ते तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडे.

आपल्या जोडप्याच्या घरात तसं काही नाही. तडा भिंतीत आहे, सुमारे नव्वद सेंटिमीटर लांब, वरच्या टोकाला कार्ड शिरतं. हॉलमध्ये बीमखाली एक सरळ भेग आहे, पण ती केसाएवढी. चार दिवसांत तिरका तडा पेन्सिलच्या रेघेपुढे दोन बोटं सरकला. आता पत्र.

'रा. रा. घरमालक यांस सप्रेम नमस्कार. आपल्यातील लिव्ह अँड लायसन्स करारानुसार आम्ही १ एप्रिलपासून आपल्या सदनिकेत राहत आहोत. भाडे मेअखेरपर्यंत वेळेवर दिले असून जूनचेही दिले आहे. ५ जून रोजी बेडरूमच्या पूर्वेकडील भिंतीला खिडकीखाली तिरका तडा दिसला. घरात राहायला आलो तेव्हा तो नव्हता. ताबा घेताना काढलेला त्याच भिंतीचा फोटो सोबत आहे. तड्याची लांबी सुमारे नव्वद सेंटिमीटर आहे. ९ जूनला केलेल्या खुणेच्या पुढे तो १३ जूनपर्यंत सरकलेला दिसतो. त्याच खोलीचे दार आता पूर्ण बंद होत नाही. या भिंतीलगतच्या जागेवर मे महिन्यापासून खोदकाम चालू आहे. तड्याचे कारण आम्हाला ठाऊक नाही आणि घर असुरक्षित आहे असेही आमचे म्हणणे नाही. मात्र शंका आहे, आणि ती तज्ज्ञाकडूनच दूर व्हावी असे वाटते.

'आपण किंवा सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून २१ जूनपर्यंत पाहणी करून घ्यावी, पाहणीच्या वेळी आम्हाला हजर राहू द्यावे आणि लेखी अहवालाची प्रत द्यावी ही विनंती. सोसायटीचा पूर्वीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल असल्यास तोही पाहायला मिळावा. अहवालात घर राहण्यास सुरक्षित ठरले तर आम्ही कराराप्रमाणे राहू. तडा चालू आहे, दुरुस्तीसाठी खोली रिकामी करावी लागेल किंवा राहणे योग्य नाही असे निघाले, अथवा त्या तारखेपर्यंत पाहणीच झाली नाही, तर लॉक-इनची रक्कम न कापता परस्पर संमतीने करार १५ जुलैला संपवावा आणि ताबा देताना डिपॉझिट परत करावे. तसे झाल्यास हे पत्र एक महिन्याची नोटीस समजावे. ताबा देईपर्यंतचे भाडे आम्ही देऊ. पाहणीसाठी आपण म्हणाल त्या वेळी घर उघडून देऊ.'

खाली तारीख १४ जून, दोघांच्या सह्या. कराराची मुदत संपवायची असल्याने करारावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांनी सही करणं बरं. पत्र ई-मेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने मालकाला जातं, प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला. करार ब्रोकरमार्फत झालेला असला तरी मूळ पत्र ब्रोकरकडे देऊन भागत नाही, कारण करारात तो पक्षकार नाही.

या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य कुठलं, असं विचारलं तर मी 'असुरक्षित आहे असेही आमचे म्हणणे नाही' हे दाखवेन. वाचताना ते कमकुवत वाटतं, पण त्याने भांडणाची जागा बदलते. मालकाला आता भाडेकरू खोटा आहे असं सिद्ध करत बसता येत नाही. त्याच्यासमोर एवढाच प्रश्न उरतो की इंजिनिअर बोलवायचा की नाही. बोलावला नाही तर तेही लेखी राहतं. दुसरं म्हणजे पत्र दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवतं. सुरक्षित निघालं तर राहू, हे वाक्य नसेल तर तडा हे लॉक-इनमधून सुटायचं निमित्त वाटतं. आणि खरं सांगायचं तर काही वेळा ते तसं असतंही. नवी नोकरी दुसऱ्या शहरात लागली की भिंतीवरच्या जुन्या भेगा अचानक दिसायला लागतात, हे मालकांनाही माहीत असतं.

कायदा इथे कुणाच्या बाजूला आहे? 'तडा गेला की दंड न भरता घर सोडता येतं' असं एका वाक्यात सांगणारं कलम नाही. काही कलमं आसपास आहेत. लिव्ह अँड लायसन्स ही भाडेपट्ट्याहून वेगळी चीज, तिची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये येते. त्याच कायद्याचं ५७वं कलम सांगतं की जागेत धोका होईल असा दोष असेल, मालकाला तो माहीत असेल आणि वापरणाऱ्याला नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. अडचण 'माहीत असेल' या शब्दांत आहे. राहायला आल्यावर पडलेल्या तड्याबद्दल मालकाने काही लपवलं असं म्हणता येत नाही. पण तड्याच्या खाली जुन्या लांबीची पुट्टी भरलेली दिसली, त्यावर नुकताच रंग मारलेला असला किंवा सोसायटीच्या जुन्या ऑडिटमध्ये याच भिंतीचा उल्लेख निघाला, तर गोष्ट बदलते. पत्रात जुना अहवाल मागितला तो याचसाठी.

मग लॉक-इनचे ७८ हजार. भारतीय करार अधिनियमाच्या ७४व्या कलमाप्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप पूर्ण वसूल होत नाही. न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई ठरवतं. ७३व्या कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते विचारात घ्यायचे. कोथरूडमधलं घर महिन्याभरात पुन्हा भाड्याने जात असेल तर तीन महिन्यांचं भाडं हे मालकाचं खरं नुकसान कसं, असा प्रश्न भाडेकरू विचारू शकतो. उत्तर प्रत्येक वेळी त्याच्याच बाजूने येईल असं नाही. लॉक-इनच्या कलमात नेमके शब्द काय आहेत यावर बरंच फिरतं. शिवाय डिपॉझिट मालकाच्या हातात असतं आणि एक लाखासाठी कोर्टाची पायरी चढणं कुणालाच परवडत नाही. म्हणून या कलमांचा खरा उपयोग खटल्यात कमी आणि वाटाघाटीत जास्त आहे. पहिल्याच पत्रात त्यांचे आकडे घालू नयेत असं माझं मत आहे. कलमं दिसली की मालक वकिलाकडे जातो, आणि मग इंजिनिअर राहतो बाजूला.

करार मात्र पुन्हा एकदा वाचायचा. बहुतेक करारांत किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची आणि मोठी मालकाची असं कुठेतरी लिहिलेलं असतं. तडा मोठ्या दुरुस्तीत बसतो. करार नोंदवलेला नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५व्या कलमाने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि वाद झाला तर विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं असं म्हटलं आहे. याच कायद्याचं २४वं कलम उलट्या बाजूने लागतं. मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. डिपॉझिट मिळेपर्यंत चावी देणार नाही असं म्हणत करार संपल्यावर बसून राहणाऱ्यांनी ते लक्षात ठेवलेलं बरं.

हे सगळं लिव्ह अँड लायसन्सबद्दल. पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरूंनी यातलं काहीही करू नये. त्यांचा त्या जागेवर टिकून राहणारा हक्क असतो, आणि तड्याला घाबरून ताबा परत देणं म्हणजे तो हक्क स्वतःच्या हाताने सोडणं.

आता समजा, मालक शहाणा निघाला. (सगळे नसतात. मालक पत्राला उत्तरच देत नसेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार करता येते. त्याआधी सोसायटीला कळवावं, कारण नोटीस निघाली तर ती बहुधा एका घराला न लागता सगळ्या इमारतीला लागते.) तो सेक्रेटरीशी बोलला. सांगाड्याची जबाबदारी सोसायटीची, एकट्या सदनिकाधारकाला कॉलमला हात लावता येत नाही, त्यामुळे सेक्रेटरीला सामील करणं भागच होतं. इमारत बावीस वर्षांची. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं. इथे ते झालेलंच नव्हतं, आणि हे तोपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

इंजिनिअर २० जूनला आले. त्यांनी आधी तळमजल्यावर पार्किंगमधले कॉलम पाहिले, हातोडीने ठोकून आवाज ऐकला. काँक्रीट आतून सुटलं असेल तर बद्द आवाज येतो, गंजलेल्या सळईच्या बाजूने तपकिरी डाग आणि उभा तडा दिसतो. तसं काही नव्हतं. मग वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या त्याच खोल्या पाहिल्या. पहिल्या मजल्यावरही त्याच जागी तिरका तडा होता, तिथल्या वहिनींनी त्याच्यापुढे कपाट सरकवून ठेवलं होतं. दोन्ही घरांत काचपट्ट्या लागल्या. खड्ड्याच्या कडेला मातीला आधार देण्याचं काम अर्धवट होतं, तेही त्यांनी लिहून घेतलं. १ जुलैला दुसऱ्या मजल्यावरची एक पट्टी तडकलेली होती.

अहवाल पानभराचा. सांगाड्यात सध्या दोष दिसत नाही, भिंतीची हालचाल चालू आहे, कारण बहुधा शेजारचं खोदकाम, खड्ड्याला आधार पूर्ण होईपर्यंत दर आठवड्याला मोजणी करावी, दुरुस्ती त्यानंतरच. 'राहण्यास अयोग्य' असं त्यात कुठेही नव्हतं. जोडप्याने पत्र लिहिताना नुसतं तेवढंच एक कारण दिलं असतं तर ते अडकले असते. पण 'तडा चालू आहे असे निघाले' ही शक्यता पत्रात होती आणि अहवालात तीच आली.

मालकाने आधी लॉक-इनचा एक महिना तरी कापतो म्हणून बघितलं. शेवटी तोडगा निघाला तो दोघांच्या सोयीचा: १५ जुलैपर्यंतचं अर्ध्या महिन्याचं १३ हजार भाडं आणि वीजबिल भाडेकरूंनी द्यायचं, लॉक-इन सोडून द्यायचं, डिपॉझिट चावी देताना बँकेत जमा करायचं. करार संमतीने संपल्याचं एक पान दोघांनी सह्या करून ठेवलं. चावी दिल्याची पावती, मीटरचं रीडिंग आणि रिकाम्या खोल्यांचे फोटो त्यासोबत जोडले. तो तडा फोटोत मुद्दाम घेतला, नाही तर सहा महिन्यांनी तो भाडेकरूंनीच पाडला असं निघायचं.

मालकाकडे आता तो अहवाल आहे, म्हणजे दोष त्याला माहीत आहे. पुढचा भाडेकरू आला की ५७वं कलम त्याला पूर्ण लागू होतं. दुरुस्तीआधी घर दाखवायचं असेल तर हा कागद त्याला समोर ठेवावा लागेल. नुसता रंग मारून चालणार नाही.